‘थोडं गोड करून टाक’: मॅनेजरच्या चॅटपासून टीमला गेलेल्या मेलपर्यंत

शुक्रवारी दुपारी एका मॅनेजरचा मला चॅटवर मेसेज आला, त्यातून टीमला पाठवायचा मेल लिहायचा होता. सॉफ्टवेअर टीम, १४ माणसं. नावं आणि ओळखीचे तपशील काढलेत, बाकी मेसेज असा होता:

> हे बघ, १ तारखेपासून तिन्ही टीम्स बंद. दोनच गट राहणार, बिलिंग आणि अकाउंट. टेस्टिंग लीड ही पोस्ट काढली, त्या आता रिलीज बघतील, मला रिपोर्ट. बिलिंग डेव्हलपमेंट लीडकडे. अकाउंट सपोर्ट लीडकडे, डेव्हलपर्सना पचणार नाही पण इलाज नाही. डेव्हलपर्सनी पण ऑनकॉल घ्यायचा आता. सपोर्ट आणि डेव्हलपमेंट नुसती एकमेकांवर तिकिटं ढकलत बसतात, वैताग आलाय. पगार तेच आहेत पण पगाराचं काही लिहू नकोस, उगाच विषय निघेल. आज संध्याकाळी मेल गेला पाहिजे. थोडं गोड करून टाक.

हा मेसेज वाईट नाहीये, हे मी आधीच सांगते. उद्धट आहे, घाईत लिहिलाय, पण यात काय बदलतंय, कधीपासून, कोण कुणाकडे जाणार हे सगळं आहे, आणि कारणसुद्धा आहे जरी ते वैतागाच्या भाषेत आलंय तरी. कंपन्यांमधले बरेचसे गुळगुळीत मेल वाचून झाल्यावर एवढी माहिती हाताला लागत नाही. त्यामुळे काम भाषा मऊ करण्याचं नव्हतंच. यातली माहिती एक कणही न सांडता जे टोचतंय ते काढायचं आणि जे अर्धवट आहे ते पूर्ण करायचं, आणि यातलं तिसरं काम सगळ्यात जास्त वेळ खातं.

मी अशा मेसेजचं एक-एक वाक्य सुटं करते आणि प्रत्येकासमोर लिहिते की हा झालेला निर्णय आहे, कारण आहे, राग आहे, की नुसता समज आहे. दोन गट, १ तारीख, कोण कुठे, हे निर्णय. तिकिटं, म्हणजे ग्राहकांच्या तक्रारी, ढकलणं हे कारण. वैताग, पचणार नाही, इलाज नाही हा राग, आणि तो मेलमध्ये जात नाही. पण तो फेकूनही द्यायचा नसतो, कारण मॅनेजर जिथे चिडतो तिथे बहुतेक वेळा त्याला स्वतःलाच प्रश्नांची भीती वाटत असते, म्हणजे टीमकडून पहिला प्रश्न तिथूनच येणार हे कळतं. आणि समज म्हणजे ‘पगार तेच आहेत’. हे कुणी तपासलं होतं? कुणीच नाही.

मग मी मॅनेजरला फोन केला. चॅटवर विचारलं असतं तर एका शब्दाची उत्तरं आली असती. पहिला प्रश्न विचारला की टेस्टिंग लीडना हे माहीत आहे का. नव्हतं. आपली पोस्ट गेली हे त्यांना बाकीच्या १३ जणांबरोबर त्याच मेलमधून कळणार होतं. मॅनेजरला यात काही वावगं वाटलं नव्हतं कारण त्यांच्या डोक्यात रिलीजचं काम मोठं होतं, त्यांना ती बढतीच वाटत होती. ऐकणाऱ्या बाईंच्या बाजूने बघितलं तर हाताखालची दोन माणसं जातायत, पदातला लीड हा शब्द जातोय आणि काम असं मिळतंय जे आजपर्यंत टीममध्ये कुणाचंच नव्हतं. एकाच बदलाची ही दोन चित्रं आहेत आणि मेल लिहायच्या आधी ही दोन्ही मॅनेजरला दिसायला हवीत.

दुसरा प्रश्न होता अप्रेझलचा. अकाउंट गटातले तीन डेव्हलपर्स सपोर्ट लीडना रिपोर्ट करणार, ठीक, पण त्यांच्या कोडचं मूल्यमापन कोण करणार? ‘पचणार नाही’ याचा खरा अर्थ हा होता. डेव्हलपर्सना सपोर्टच्या माणसाखाली काम करायला कमीपणा वाटेल असा मॅनेजरचा अंदाज होता, आणि थोडं तसं असेलही, पण त्याहून साधी भीती ही की माझं काम ज्याला वाचता येत नाही तो माझं रेटिंग कसं देणार. ही भीती रास्त आहे आणि तिला नियमाने उत्तर देता येतं. फोनवर बोलता बोलता ठरलं की रजा, रोजचं काम, प्राधान्य हे सपोर्ट लीड बघतील, आणि तांत्रिक कामाचा लेखी अभिप्राय दोन्ही गटांसाठी डेव्हलपमेंट लीड देतील.

तिसरा ऑनकॉल. आत्तापर्यंत रात्रीचे फोन सपोर्टचे चौघंच घ्यायचे. डेव्हलपर्स कधीपासून घेणार, आठवड्यातून किती रात्री, भत्ता मिळणार का, दुसऱ्या दिवशी उशिरा आलं तर चालेल का, यातल्या एकाचंही उत्तर ‘बघू’ याच्या पुढे गेलं नाही. म्हणजे हा निर्णय झालेलाच नव्हता, नुसती इच्छा होती, आणि इच्छा निर्णयाच्या वाक्यात लिहिली की लोक ती निर्णय म्हणूनच वाचतात. शिवाय कामाचे तास करारात लिहिलेले असतील तर रात्रीचं काम नुसत्या मेलने बदलता येत नाही, त्यासाठी वेगळं पत्र आणि कधीकधी माणसाची संमती लागते. हे एचआरला विचारल्याशिवाय मेलमध्ये टाकायचंच नाही असं ठरलं.

चौथा प्रश्न त्यांना आवडला नाही, नोकऱ्यांचा. मी विचारलं, यात कुणाची नोकरी जाणार आहे का. ते म्हणाले, ‘आत्ता तरी नाही.’ मग आपण लिहायचं काय? ‘सगळ्यांच्या नोकऱ्या सुरक्षित आहेत’ हे वाक्य लिहायचा मोह होतो पण पुढच्या वर्षाची हमी त्यांच्या हातात नव्हती, आणि ज्या दिवशी अशी हमी मोडते त्या दिवशी आधीची खरी वाक्यंसुद्धा खोटी ठरतात. त्याउलट काहीच न लिहिणं आणखी वाईट, कारण टीम मोडतेय हे ऐकल्यावर माणूस आधी हेच शोधतो. ‘या बदलात कुणाचीही नोकरी कमी होत नाहीये’ हे वाक्य आजच्या घडीला खरं होतं आणि त्यापलीकडे काही कबूल करत नव्हतं. तेच ठेवलं.

आणि आता पगार. एचआरला एक ओळ पाठवली की या १४ जणांच्या पगारात, ग्रेडमध्ये, भत्त्यांमध्ये या बदलाने काही फरक पडतो का, लेखी सांगा. उत्तर आलं की १३ जणांचं काही बदलत नाही, टेस्टिंग लीडचा लीड भत्ता मात्र पदाशी जोडलेला आहे आणि पद गेलं की पुढच्या पगारातून तो आपोआप बंद होईल. मॅनेजरला याची कल्पनाच नव्हती. ते मनापासून ‘पगार तेच’ म्हणत होते. शुक्रवारी संध्याकाळी मेल गेला असता, त्यात पगाराचा विषय टाळला असता, तर ही गोष्ट त्या बाईंना महिनाअखेर पगाराच्या स्लिपमधून कळली असती आणि त्यानंतर कितीही गोड भाषा वापरून काही उपयोग नव्हता. ‘विषय निघेल’ म्हणून जी गोष्ट लपवावीशी वाटते ती सगळ्यात आधी तपासावी, असं मी म्हणूनच आग्रहाने सांगते. सोमवारी मॅनेजर आणि एचआर बसले, रिलीजच्या नव्या पदाला तेवढाच भत्ता जोडला गेला आणि तसं पत्र तयार झालं.

मधल्या वेळात, शनिवारी, मॅनेजरनी स्वतःच एक मसुदा लिहून पाठवला. हेतू चांगला होता:

> आपल्या टीमच्या प्रवासातला एक नवा आणि उत्साहवर्धक टप्पा आपल्यासमोर मांडताना अतिशय आनंद होत आहे. अधिक चपळ आणि ग्राहककेंद्री होण्याच्या दृष्टीने रचनेत काही बदल करण्यात येत आहेत. काही सहकाऱ्यांच्या भूमिका अधिक समृद्ध होतील. आपण सगळे एक कुटुंब आहोत आणि आपल्या सहकार्याबद्दल खात्री आहे.

चॅटमधला तिखट माणूस यात कुठेच नाही, आणि त्याच्याबरोबर सगळी माहितीही गेली. तारीख नाही, गट नाहीत, टेस्टिंग लीड तर अख्ख्या मजकुरात नाहीत. ‘बदल करण्यात येत आहेत’, कोण करतंय? ‘भूमिका समृद्ध होतील’, कुणाची, आणि म्हणजे रोज सकाळी येऊन त्याने काय करायचं? असा मेल वाचून लोक शांत होत नाहीत, ते एकमेकांना बाजूला घेऊन विचारायला लागतात की याचा खरा अर्थ काय, आणि मग अर्थ तोच ठरवतो ज्याला सगळ्यात जास्त भीती वाटतेय. मला विचाराल तर पहिला उद्धट मेसेज या मसुद्यापेक्षा माणसांना जास्त मान देणारा होता, त्यात निदान खरं ते सांगितलेलं होतं. हे मी त्यांना फोनवर जवळजवळ असंच सांगितलं आणि त्यांनी ते मान्य केलं.

मग क्रम ठरवला. शुक्रवार संध्याकाळ रद्द, कारण शुक्रवारी अशी बातमी दिली की लोक दोन दिवस ती घरी घेऊन बसतात आणि विचारायला कुणी नसतं. मंगळवार १६ तारीख धरली. सकाळी सगळ्यात आधी टेस्टिंग लीड, एकट्याने, मॅनेजरनी स्वतः, एचआरने नाही आणि मीही नाही. मग दोन्ही लीड्स. मग अकाउंट गटात जाणारे तीन डेव्हलपर्स, दोन्ही टेस्टर्स आणि बिलिंगमध्ये जाणारे सपोर्टचे एक जण, कारण त्यांचा वरिष्ठ बदलतोय. दुपारी ३ वाजता सगळ्यांना मेल, ४ वाजता अर्ध्या तासाची मीटिंग. पहिलं बोलणं आणि मेल यात रात्र जाऊ द्यायची नाही, नाहीतर ज्यांना कळलंय त्यांच्यावर गप्प राहायचं ओझं येतं आणि ज्यांना नाही कळलेलं ते चेहरे वाचत बसतात.

टेस्टिंग लीडशी बोलण्याची सुरुवात आम्ही लिहून काढली होती, फक्त सुरुवात: ‘मला तुम्हाला एक निर्णय सांगायचाय. तो झालेला आहे, मी मत घ्यायला आलोय असं भासवणार नाही. तुमचं टेस्टिंग लीड हे पद १ तारखेपासून राहणार नाही आणि तुम्ही दोन्ही गटांचं रिलीजचं काम सांभाळावं असं ठरलंय, पगार आणि भत्ता तेवढाच राहील, हे त्याचं पत्र.’ बातमी पहिल्या मिनिटात, आणि मग गप्प बसायचं. हे गप्प बसणं बोलणाऱ्याला फार जड जातं, तो घाईघाईने कौतुक करायला लागतो, आणि समोरच्याला त्या क्षणी कौतुक हे सांत्वनासारखं ऐकू येतं.

त्यांनी विचारलं, ‘म्हणजे माझं काम बरोबर नव्हतं का?’ मॅनेजरनी सांगितलं की नाही, टेस्टर्स गटांमध्ये वाटले गेल्यावर वेगळी टेस्टिंग टीमच राहत नाही म्हणून तिचं लीडपद राहत नाही, आणि गेल्या काही रिलीजना जे ऐनवेळी अडकलं ते कुणा एकाच्या ताब्यात नव्हतं म्हणून रिलीजचं हे नवं पद तयार केलंय. मग मसुदा त्यांना वाचायला दिला. हे मी नेहमी करायला लावते, ज्याच्याबद्दल वाक्य आहे त्याने ते इतरांच्या आधी वाचलेलं असावं. त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. ‘अनुभवाचा विचार करून’ असे शब्द होते ते काढा, त्याने मला कुठेतरी सोय करून दिल्यासारखं वाटतं. आणि रिलीज थांबवायचा अधिकार माझ्याकडे आहे की नाही ते लिहा, नाहीतर हे नुसतं तारखा गोळा करायचं काम होईल. दुसरी गोष्ट इतकी नेमकी होती की मॅनेजरनी तिथल्या तिथे हो म्हटलं आणि ते मेलमध्ये गेलं.

शेवटी गेलेला मेल हा असा:

> विषय: १ तारखेपासून टीमची नवी रचना, कोण कुठे आणि का
>
> नमस्कार,
>
> १ तारखेपासून डेव्हलपमेंट, टेस्टिंग आणि सपोर्ट या तीन वेगळ्या टीम्स राहणार नाहीत. त्याऐवजी बिलिंग आणि अकाउंट असे दोन गट असतील आणि प्रत्येक गटात तिन्ही कामांची माणसं असतील. हा निर्णय मी घेतला आहे.
>
> कारण हे: ग्राहकाची एक तक्रार सध्या तीन टीम्समधून फिरते आणि प्रत्येक ठिकाणी पुन्हा रांगेत लागते. दोष कुणा टीमचा नाही, आपली रचनाच अशी आहे की शेवटपर्यंत ती तक्रार कुणा एकाची नसते. आता ती एका गटाची असेल.
>
> बिलिंग गट डेव्हलपमेंट लीड बघतील. त्यात तीन डेव्हलपर्स, एक टेस्टर आणि सपोर्टमधले एक जण असतील. अकाउंट गट सपोर्ट लीड बघतील. त्यात तीन डेव्हलपर्स, एक टेस्टर आणि सपोर्टमधले दोघं असतील, कारण अकाउंटच्या तक्रारी जास्त येतात. नावांची यादी खाली आहे.
>
> टेस्टिंग लीड हे पद राहत नाही. त्या आता दोन्ही गटांच्या रिलीजची जबाबदारी घेतील आणि मला रिपोर्ट करतील. रिलीज तयार नसेल तर तो थांबवायचा अधिकार त्यांच्याकडे असेल, दोन्ही गटांसाठी.
>
> रजा आणि रोजचं काम गटाचे प्रमुख बघतील. डेव्हलपर्सच्या तांत्रिक कामाचा अभिप्राय दोन्ही गटांसाठी डेव्हलपमेंट लीड देतील आणि अप्रेझलमध्ये तोच धरला जाईल.
>
> या बदलात कुणाचीही नोकरी कमी होत नाहीये. पगार, ग्रेड आणि सध्याचे भत्ते यात कुणाचाही बदल नाही. हे एचआरकडून लेखी तपासून घेतलं आहे.
>
> एक गोष्ट अजून ठरलेली नाही: ऑनकॉल. डेव्हलपर्सनीही तो घ्यावा असं मला वाटतं, पण पाळ्या, भत्ता आणि दुसऱ्या दिवशीची वेळ ठरल्याशिवाय काही बदलणार नाही. तोपर्यंत आजचीच पद्धत राहील. गुरुवारी २५ तारखेला मी याचं उत्तर देईन, ठरलं नसेल तर ठरलं नाही असं सांगेन.
>
> ज्यांचा वरिष्ठ बदलतोय त्यांच्याशी मी आज सकाळी बोललो आहे. काही जणांना हा बदल आवडणार नाही हे मला कळतं. आज ४ वाजता आपण बोलू, आणि ज्यांना एकट्याने बोलायचं असेल त्यांच्यासाठी मी उद्या दिवसभर मोकळा आहे.

यातल्या दोन-तीन जागांवर थोडं थांबते. ‘हा निर्णय मी घेतला आहे’ या वाक्याला मॅनेजर आधी तयार नव्हते, त्यांना ‘व्यवस्थापनाने’ हवं होतं. पण व्यवस्थापनाला कुणी प्रश्न विचारू शकत नाही, माणसाला विचारू शकतं, आणि निर्णय खरंच त्यांचा होता. वरून आलेला असता तर ते तसं लिहिलं असतं.

‘दोष कुणा टीमचा नाही’ हे ‘एकमेकांवर तिकिटं ढकलत बसतात’ याचं रूपांतर आहे. इथे नुसता शब्द बदलला असता, म्हणजे ‘समन्वयाचा अभाव’ वगैरे, तर आरोप तसाच राहिला असता, फक्त सभ्य झाला असता. म्हणून मी मॅनेजरना विचारलं की एक खरी तक्रार घ्या आणि ती कुठून कुठे गेली ते सांगा. त्यांनी सांगितलं आणि सांगता सांगता त्यांनाच दिसलं की प्रत्येकाने आपल्या नियमाप्रमाणे बरोबरच केलं होतं, तरी ग्राहक थांबला होता. मग वाक्य बदललं कारण त्यांचं मत बदललं. मत तेच असेल तर असं वाक्य लिहू नये, मीटिंगमध्ये पहिल्याच प्रश्नाला ते उघडं पडतं.

आणि ‘आवडणार नाही हे मला कळतं’ एवढंच ठेवलं, तुम्हाला कसं वाटतंय हे मला समजतं, मलाही फार त्रास झाला वगैरे काही नाही. या बदलात सगळ्यात जास्त गेलं ते मॅनेजरचं नव्हतं, तेव्हा त्यांच्या त्रासाला मेलमध्ये जागा नको.

मीटिंगला प्रश्न आले ते बहुतेक गटातल्या कामाबद्दल, जुनी उघडी तिकिटं कोण बंद करणार, बिलिंग आणि अकाउंट दोन्हीला लागणारा कोड कुणाचा. हे चांगलं लक्षण असतं. मेल कमी पडला की प्रश्न मीटिंगमध्ये येतच नाहीत, ते नंतर एकेकाकडून खाजगीत येतात आणि सगळे सारखेच असतात, आणि तो सारखा प्रश्न म्हणजेच मेलमध्ये राहून गेलेली ओळ. इथे तशी एक निघाली: प्रोबेशनवर असलेल्या एका डेव्हलपरचा कन्फर्मेशनचा अहवाल जुना वरिष्ठ लिहिणार की नवा. तो एकटाच होता, पण उत्तर सगळ्यांना पाठवलं की ज्याने जास्त महिने काम बघितलंय तो लिहील आणि दुसरा सही करेल.

मेलने सगळं सुटलं नाही. अकाउंट गटातल्या एका डेव्हलपरने बुधवारी जाऊन स्पष्ट सांगितलं की मला बिलिंगमध्येच काम करायचंय. बिलिंगमधला एक जण अदलाबदलीला तयार होता म्हणून ते जमलं, तो नसता तर नाही म्हणावं लागलं असतं आणि त्या ‘नाही’ला कुठलाही मसुदा हलका करू शकला नसता.

२५ तारखेला ऑनकॉलचं उत्तर गेलं. पाळ्या आणि दुसऱ्या दिवशीची वेळ ठरली होती, भत्त्याला मंजुरी मिळाली नव्हती. मॅनेजरनी तेच लिहिलं, चार ओळींत, आणि खाली लिहिलं की भत्ता मंजूर होईपर्यंत डेव्हलपर्सचा ऑनकॉल सुरू होणार नाही. हा मेल त्यांनी मला न दाखवता पाठवला होता आणि त्यात मला बदलावंसं वाटेल असं काही नव्हतं.